रेषेवरची बिस्किटं

बाजारात त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. तो प्रोफेसर नव्हता. वडिलांकडून आलेलं किराणा मालाचं दुकान होतं त्याचं, आणि जोडीला संख्याशास्त्राची पदवी होती, जिचा कुणालाच कधी काही उपयोग झाला नव्हता. पण दुकानाच्या मागे, साखरेच्या पोत्यांतून अंग चोरत गेलं की एक खोली होती, खोलीत एक जुना संगणक होता, आणि त्याच्यासमोर बसले की आपण तेल-मीठ विकतो हे गृहस्थ साफ विसरून जात. पुढे गल्ल्यावर बायको बसे. गिऱ्हाईक तिचं, आकडे याचे, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती.

त्याची विद्या म्हणजे रिग्रेशन. मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं त्याने मान मोडेपर्यंत बसून संगणकात भरली होती. कुठल्याही मालाचा आलेख काढायचा. आडवे आठवडे, उभे त्या आठवड्यात खपलेले नग, दर आठवड्याचा एक ठिपका. मग त्या ठिपक्यांच्या गर्दीतून एक सरळ रेष काढायची. ती अशी बेतायची, की प्रत्येक ठिपका रेषेच्या जितका वर किंवा खाली असेल त्या अंतराचा वर्ग करून सगळ्यांची बेरीज केली, तर ती दुसऱ्या कुठल्याही रेषेपेक्षा कमी भरावी. रेष तशीच पुढे वाढवली की पुढच्या आठवड्याचा अंदाज हातात. शाळा उघडायच्या दिवसांत वह्यांसाठी तो वेगळी भर धरी, थंडीत ओठांना लावायच्या मेणासाठी वेगळी. समोरचा चहावाला म्हणे, "प्रोफेसर, आमच्या सासूबाई कधी परत जाणार त्याचीही रेष काढा की." हा गंभीरपणे सांगे, "मागची आकडेवारी आणा."

विद्या खोटी नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. साबण, सेल, काड्यापेट्या, डाळी, सगळ्यांचे अंदाज जवळपास बरोबर येत. पूर्वी माळ्यावर धूळ खात पडणारा माल आता पडत नव्हता. माणसाला एखादी गोष्ट चांगली जमू लागली की तो ती जिथे तिथे लावत सुटतो. यानेही लावली. वहिनींच्या बिस्किटांना लावली.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ अचानक गेला तेव्हा लेकीचं लग्न होऊन गेलेलं, घरात ह्या एकट्या. लेक सारखी म्हणे, "आई, माझ्याकडे ये." वहिनींना जावयाच्या घरात पाहुण्यासारखं बसून खायचं नव्हतं. भावाने हौसेने घेतलेला मोठा ओव्हन स्वयंपाकघरात होता. त्यांनी लोण्याची बिस्किटं करायला घेतली. दर सोमवारी सकाळी पाकिटं दिराच्या दुकानात यायची, गल्ल्यावरच्या मोठ्या बरणीत बसायची, आठवडाभर खपायची. बिस्किटं फार टिकत नसत, म्हणून शनिवारी जी उरत ती वहिनी परत घेऊन जात. तोंडाने कधी एक शब्द नाही. पण शनिवारी संध्याकाळी ती पिशवी घेऊन पाठमोऱ्या चाललेल्या वहिनी याला बघवत नसत. म्हणून त्याने ठरवलं, यापुढे यांचं एक पाकीटही परत जाता कामा नये. म्हणजे हेतू सोन्यासारखा होता. पुढे हाच हेतू त्याच्या गळ्यात अडकला.

त्याच सुमारास दुकानापुढचा रस्ता पाइपांसाठी खणून ठेवला होता. महिना दीड महिना लोक फळीवरून तोल सांभाळत यायचे, आणि जो तोल सांभाळत येतो तो बिस्किटांसाठी येत नाही, मिठासाठी येतो. सगळ्याच चैनीच्या मालाचा खप पडला. आलेखाच्या शेवटी ठिपके खाली गेले आणि रेष कलली. बाकीचा माल गोदामात भरपूर होता. रस्ता बुजला, लोक आले, ठिपके वर चढले, रेषा सावरल्या. बिस्किटांचं मात्र तसं झालं नाही. कारण बिस्किटं गोदामात नव्हती. याने रेषेने सांगितली तेवढीच मागवली होती.

पहिल्या सोमवारी त्याने वहिनींना सांगितलं, "वहिनी, या वेळी थोडी कमीच करा. उगाच उरायला नकोत."

"बरं भावजी," त्या म्हणाल्या.

शनिवारी बरणी रिकामी. एकही पाकीट परत नाही. प्रोफेसर खूश. पुढच्या सोमवारी रेष आणखी एक पायरी खाली, पुन्हा तेवढीच पाकिटं, पुन्हा शनिवारी बरणी रिकामी. असं महिनोन् महिने चाललं. अंदाज आणि खप इतके तंतोतंत जुळलेले त्याने दुसऱ्या कुठल्या मालात पाहिले नव्हते. रेष ठिपक्यांना किती चपखल बसते ते सांगणारा आर-स्क्वेअर नावाचा एक आकडा असतो, एकच्या जितका जवळ तितका चांगला. बिस्किटांचा आर-स्क्वेअर दर महिन्याला वर चढत होता. तो त्याने चहावाल्यालाही जाऊन सांगितला, आणि चहावाल्याने त्याचं अभिनंदनही केलं.

बायकोने दोनदा विषय काढला होता. एकदा जेवताना म्हणाली, "अहो, जाऊबाईंची बिस्किटं आजकाल फार लवकर संपतात."

"संपणारच," तो म्हणाला. "अंदाज बरोबर असला की माल संपतो. उरला तर चूक."

"तसं नव्हे, लोक..."

"तू भाजी वाढ."

दुसऱ्यांदा तिने विषय काढला तेव्हा त्याने तिला आर-स्क्वेअर समजावून सांगितला. तिसऱ्यांदा तिने काढला नाही. शहाण्या बायका तिसऱ्यांदा काढत नाहीत.

इकडे वहिनी हळूहळू अबोल होत चालल्या होत्या. सोमवारी पाकिटं ठेवताना पूर्वी दोन शब्द बोलत, गुडघ्याची तक्रार करत. आता नुसतं विचारत, "पुढच्या वेळी किती?" तो आकडा सांगे. आकडा आधीच्यापेक्षा लहान असे. एकदा त्यांनी विचारलं, "भावजी, लोक काही म्हणतात का? चव?" हा म्हणाला, "छे छे. लोकांच्या आवडी बदलतात वहिनी. ट्रेंड असतो एकेक." धीर द्यायला म्हणून म्हणाला. त्या मान हलवून निघून गेल्या.

मग बायकोचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी आठवडाभर पाय वर ठेवून बसायला सांगितलं, आणि प्रोफेसरांना संगणक सोडून गल्ल्यावर यावं लागलं. कुठली हळद कुठे, कुणाला कुठला चहा लागतो, काही पत्ता नाही. गिऱ्हाईकंच त्याला दाखवत होती, "तिथे बघा, वरच्या फळीवर."

सोमवारी वहिनींनी पाकिटं आणून दिली. मूठभरच. मंगळवारी दुपारच्या आत बरणी रिकामी झाली. त्याला गंमत वाटली. थोड्या वेळाने पोस्टातली बाई आली. "बिस्किटं?" "संपली." मग शाळेचा शिपाई. "संपली." मग दवाखान्यातली नर्स, मग एक आजोबा नातवाला घेऊन. नातू बरणीकडे बोट दाखवून रडायला लागला. "संपली हो." बुधवारी तेच. गुरुवारी तेच. गुरुवारी शिंपी आला, त्याने सुई-दोरा घेतला, आणि बरणीकडे बघून नुसता हसला.

"बिस्किटं हवी होती का?" याने विचारलं.

"छे, आम्ही विचारायचंच सोडलंय," शिंपी म्हणाला. "तुमच्याकडे काय, कायम संपलेलीच असतात. माझी मंडळी तर म्हणते, तुमच्या वहिनींनी बहुतेक बंदच केलं असेल. काय सुंदर बिस्किटं होती हो."

शिंपी गेला. दुकानात दोन बाया डाळ निवडून घेत होत्या, त्यांतल्या एकीने काहीतरी विचारलं, ते त्याच्या कानात शिरलंच नाही. संपली. हा शब्द बायको रोज कितीदा म्हणत असेल? आणि त्याची नोंद कुठे होती? बिल फाटतं ते विकलेल्या मालाचं. परत गेलेल्या माणसाचं बिल कोण फाडतं? त्याच्या संगणकात लोकांना किती बिस्किटं हवी होती हे कधीच नव्हतं. त्याने किती ठेवली होती तेवढंच होतं. बरणीत पंधरा पाकिटं ठेवली की सोळावं खपणार कुठून?

बायांना कसंबसं वाटेला लावून तो मागच्या खोलीत गेला आणि आलेख उघडला. आता पदवी कामाला आली, उशिरा का होईना. रेषेने सांगावं, याने तेवढंच मागवावं, तेवढंच विकलं जावं, म्हणजे नवा ठिपका बरोबर रेषेवर पडणार. आणि रेषेवर पडलेला ठिपका रेषेला तसूभर हलवत नाही. ती जिथे चालली होती तिथेच, खाली, जात राहते, आणि दर ठिपक्यागणिक आर-स्क्वेअर मात्र सुधारत राहतो. इतके महिने तो ज्या आकड्यावर छाती फुगवत होता, तो त्याच्याच हुकुमाचा पडसाद होता. गिऱ्हाईक त्या आलेखात कुठे नव्हतंच. एका खणलेल्या रस्त्याने रेष कलली आणि पुढे त्याने स्वतःच्या हाताने तिला उतारावर ढकललं.

त्याला स्वतःची लाज वाटली. बायको दोनदा सांगत होती. हिशेब चुकणं एक वेळ माफ असेल, पण कानाशी येऊन कुणी सांगत असताना "भाजी वाढ" म्हणणं? त्याने शटर अर्धं ओढलं आणि भरदुपारी वहिनींच्या घराकडे निघाला.

दार उघडं होतं. स्वयंपाकघरात एक माणूस टेप घेऊन ओव्हनची रुंदी मोजत होता.

"या भावजी," वहिनी म्हणाल्या. "हे बेकरीवाले. ओव्हन बघायला आलेत. मी लेकीकडे जायचं ठरवलंय. इतक्याशा पाकिटांसाठी भट्टी तापवायची म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"वहिनी, यांना आज जाऊ द्या," तो म्हणाला. "मला तुमच्याशी बोलायचंय."

बेकरीवाला टेप गुंडाळत निघून गेला. मग प्रोफेसरांनी सगळं सांगितलं. रस्ता, रेष, बरणी, शिंपी. आकड्यांत बोलायची सवय, पण त्या दिवशी तोंडात एकही आकडा आला नाही. वहिनी उभ्यानेच ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर स्टुलावर बसल्या.

"म्हणजे लोक मागत होते?"

"रोज."

"आणि परत जात होते?"

"हो."

"धाकटीला माहीत नव्हतं?"

"तिने सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

वहिनींनी ओट्यावरची रिकामी पाकिटं हाताने सारखी केली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझा हात गेला. भावजी, मी काय काय केलं सांगू? लोणी वाढवलं. मग वाटलं जड होतात, साखर वाढवली. मग पीठ बदललं, आच बदलली. दर आठवड्याला वेगळं. आणि दर आठवड्याला तुम्ही आणखी कमी सांगायचात. एकदा तर भाजून झालेलं अख्खं ताट मी गाईपुढे टाकलं, तुमच्यासमोर आणायची लाज वाटली म्हणून." त्यांनी मान वर केली. "तेव्हा बिस्किटं चांगली होती?"

"चांगली होती, वहिनी. पहिल्यापासून चांगली होती."

त्या रडल्या. हा भिंतीला टेकून उभा राहिला. त्यांचे डोळे पुसायला पुढे व्हावं, तर ज्याने रडवलं त्याने कुठल्या तोंडाने व्हावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पहिल्यासारखी बिस्किटं करायला घेतली आणि तो चाखायला गेला. बरी होती. पण ती नव्हती. दुसरा घाणा काढला, तोही नाही. वहिनी कधीच वजन करत नसत, सगळं डोळ्यांचं माप. इतके महिने ते माप त्यांनी इतक्या वेळा मोडलं होतं की आता हात थबकत होता. लोण्याचा गोळा उचलायचा, पुन्हा ठेवायचा. "एवढंच असायचं ना?" त्या त्याला विचारत होत्या. इतकी वर्षं स्वतः केलेल्या वस्तूबद्दल त्याला विचारत होत्या. त्याला वाटलं, ओव्हन विकला असता तर एक वेळ परत आणता आला असता.

दुकानात परत येताना त्याला आठवलं, वहिनी लोणी, पीठ आणि साखर आपल्याच दुकानातून नेतात.

बिलं संगणकात होती. त्याने आधी आठवडे घेऊन पाहिले, पण वहिनी एका आठवड्यात नेलेलं लोणी दोन आठवडे पुरवत, म्हणून मग महिन्याच्या बेरजा केल्या. कमी मागवायला लागल्यापासूनचे महिने बाजूला काढले. उरलेल्या महिन्यांत आडव्या अक्षावर दिलेली पाकिटं, उभ्यावर नेलेलं लोणी. सुट्टीच्या महिन्यांत पाकिटं कमी, शाळेच्या महिन्यांत जास्त, त्यामुळे ठिपके छान पसरले होते. रेष काढली. रेषेचा चढ म्हणजे एका पाकिटामागे लागलेलं लोणी. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा म्हणजे एकही पाकीट न करता घरात लागणारं लोणी, आणि तो जवळपास शून्य आला, कारण वहिनी स्वतः लोणी खात नसत. साखरेच्या रेषेत तो आकडा बराच मोठा आला. तो त्यांचा घरचा चहा. नुसता भागाकार केला असता तर चहाची साखर बिस्किटांत जाऊन बसली असती. पिठाचंही तसंच केलं, त्यात त्यांच्या पोळ्या वेगळ्या निघाल्या.

मग, नको असताना, त्याने बाजूला काढलेले महिने त्याच आलेखावर टाकले. ते ठिपके लोण्याच्या रेषेच्या वर होते, एकापाठोपाठ एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा उंच. पाकिटं कमी होत होती आणि वहिनी पाकिटागणिक लोणी वाढवत होत्या. तो इकडे कमी करा कमी करा म्हणत होता तेव्हा त्या तिकडे काय करत होत्या, ते त्याच्याच संगणकात इतके दिवस पडून होतं. आणि तो त्यांना म्हणाला होता, ट्रेंड असतो एकेक. पोत्यांच्या मधोमध बसून प्रोफेसर त्या ठिपक्यांकडे बघत राहिला आणि त्याला रडू आलं.

त्याने तीन आकडे कागदावर लिहून वहिनींना नेऊन दिले. भाजायची आच आणि वेळ यात नाही, हेही सांगितलं. वहिनींनी कागद दूर धरून वाचला.

"लोणी इतकं कमी घालायची मी?" त्या म्हणाल्या. आणि मग कडवटपणे, "माझंच मला तुमच्याकडून शिकायची वेळ आली."

त्याने पिठाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

पण पीठ मळायला घेतल्यावर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हात थबकेनासे झाले. वहिनींनी कागद बाजूला सारला, पिठात आणखी चिमूटभर काहीतरी टाकलं जे कुठल्याच बिलात नव्हतं, आणि आच डोळ्यांनीच धरली. बिस्किटं निघाली. त्याने एक तोंडात टाकलं आणि लगेच दुसरं उचललं. वहिनींनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि स्वतः एक खाल्लं.

"हं," त्या म्हणाल्या. "हात आला परत."

"वहिनी, उद्यापासून तुम्हाला जमतील तेवढी करा. बरणी दोन ठेवतो. मी आकडा सांगणार नाही."

"करीन की," वहिनी म्हणाल्या. "ओव्हनही नाही विकायचा आता. पण भावजी, तुमच्या दुकानात नाही ठेवायची."

त्याने हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "माझ्यावर राग आहे ना?"

"आहे. का नसेल? पण त्यासाठी नाही." त्यांनी ताट पुसायला घेतलं. "तुमच्याकडे ठेवली की मी शनिवारी पुन्हा विचारणार, किती गेली म्हणून. तुम्ही जे सांगाल ते मी पुन्हा खरं मानणार. तुम्ही खोटं नाही हो सांगत, ते मला ठाऊक आहे. खोटं सांगितलं असतंत तर मला कधीतरी कळलं असतं. मला आता खाणाऱ्याचं तोंड बघायचंय. बस थांब्यावर टेबल टाकणार आहे मी."

"उन्हात? तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे."

सोमवारी सकाळी तो न बोलावता गेला. टेबल घडीचं होतं, ते त्याने काखेत मारलं, एका हातात पाकिटांची टोपली घेतली. वहिनी छत्री घेऊन पुढे. बस थांब्याच्या कोपऱ्यावर त्याने टेबल उघडलं, पाय डगमगत होता त्याखाली कागदाची घडी सारली, पाकिटं ओळीने मांडली. पोस्टातली बाई लांबूनच बघून घाईघाईने इकडे यायला लागली. तो टेबलाच्या मागे, वहिनींच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"तुम्ही निघा आता, भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या.

"थांबतो थोडा वेळ. मदतीला."

"नको. तुम्ही उभे राहिलात की लोक तुम्हालाच विचारतील." त्यांनी पदर खोचला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना आता मला विचारू द्या."

तो रस्ता ओलांडून गेला. मागे पोस्टातल्या बाईचा मोठा आनंदी आवाज आला, वहिनींनी काहीतरी उत्तर दिलं, आणि काय दिलं ते त्याला इतक्या लांबून ऐकू आलं नाही.